ढगांवरून जागा ओळखता येते का? (ठोसेघरच्या प्लॉटचा फोटो)

विटेकर
नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या वर, ठोसेघर-चाळकेवाडी पट्ट्यात दोन एकर घ्यायचं मनात आहे. एका एजंटने 27 मे रोजी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "काका, कालच काढलाय. मे महिना असूनही बघा कसं हिरवंगार. समोर शिवसागर."

फोटो इथे टाकत नाही, तो गडीही या धाग्यावर असायचा. वर्णन करतो. वर काळपट करडे ढग, खालची किनार फाटल्यासारखी. मागच्या डोंगराचा माथा ढगात गेलाय. मधे हिरवा उतार, डावीकडे दोन पवनचक्क्या, लांबवर पाण्याचा पांढुरका पट्टा. पाण्याकडचं सगळं धुरकट.

आमच्या विट्याला असलं आभाळ वर्षात मोजक्या वेळाच दिसतं, त्यामुळे बायको म्हणते हा फोटो घाटमाथ्याचाच. मुलगा म्हणतो नेटवरून उचललेला. निव्वळ आभाळ बघून काही सांगता येतं का?

कोडेप्रेमी
येतं की! मी तो स्ट्रीट व्ह्यू बघून जागा ओळखायचा खेळ रोज खेळतो. नुसतं आभाळ बघून कित्येकदा देश बरोबर येतो. तुमचं वर्णन वाचून सांगतो, सह्याद्री, जुलै. पैजेवर.

माणदेशी
पैज लावू नगा भाऊ. आमच्या दहिवडीला या जुलैत. असंच काळंभोर आभाळ, ढग असे पळत असतात की आता कोसळणार म्हणून बाया वाळवण आत घेतात. पडतं काय? चार थेंब. वारा मात्र धोतर फेडंल असा. आमच्या रानाचा जुलैतला फोटो दाखवला तर पुण्यातले पाहुणे म्हणतात, "मजा आहे तुमची, काय पाऊस असेल!" पाहुण्याला म्हणावं, ये आणि टँकरच्या रांगेत उभा राहा.

वाईची_मावशी
इकडे अजून उघडीप नाही. ठोसेघरला पाऊस कसा आहे म्हणायचं? रविवारी नातवंडांना धबधबा दाखवायला न्यायचं आहे.

विटेकर
मावशी, मी जमिनीबद्दल विचारतोय, पावसाबद्दल नाही :)

फोटोवाला_मिरज
लग्नं आणि ड्रोन, दोन्ही करतो, म्हणून अनुभवाचं सांगतो. ढग सोडा, धुरकटपणा बघा. घाटमाथ्यावर हवा स्वच्छ असते. कृष्णाकाठाला ऊसपट्ट्यात पाचट पेटवतात, गुऱ्हाळं असतात, वीटभट्ट्या असतात, तिथं लांबचं सगळं दुधाळ दिसतं. तुमच्या फोटोत पाण्याकडची बाजू धुरकट आहे म्हणजे फोटो खालच्या खोऱ्यातला. ठोसेघरचा नाही.

कराडकर_गीता
मी भूगोल शिकवते आणि उपग्रहचित्रं बघायचा नाद आहे, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते.

मिरजकर दादा, पाचट आणि गुऱ्हाळाचं बरोबर आहे. हिवाळ्यात सकाळी थंड हवा खोऱ्यात तळाशी बसते, धूर वर जात नाही आणि कराडपासून सांगलीपर्यंत पांढरी चादर दिसते. पण एका फोटोतल्या धुरकटपणावरून हवा किती मळलेली आहे ते ठरत नाही, कारण कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं यावर निम्मं अवलंबून असतं. सूर्य समोर असला की हवेतले कण प्रकाश थेट आपल्याकडे फेकतात आणि लांबचं सगळं दुधाळ होतं. सूर्य पाठीमागे असला की तीच हवा बऱ्यापैकी नितळ दिसते.

खात्री करायची असेल तर हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमाराला अजिंक्यताऱ्यावर जा. पूर्वेला जरंडा बघा, नुसती राखाडी आकृती दिसेल. तिथेच उभ्याउभ्या मागे वळून यवतेश्वर बघा, कातळाच्या भेगा मोजता येतील. हवा तीच, वेळ तीच. दोन फोटो काढून कुणाला दाखवले तर तो म्हणेल, एक दिल्लीचा आणि एक हिमाचलचा.

आणि कधीकधी धूळ इथली नसतेच. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानच्या बाजूने धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून आलं आणि मुंबईवर पांढुरकं आभाळ पसरलं होतं. त्या दिवशीच्या फोटोवरून "मुंबईची हवा अशीच" असं कुणी म्हटलं तर?

फोटोवाला_मिरज
सूर्याच्या दिशेचं मान्य, आम्ही त्यासाठीच लेन्सला हूड लावतो. पण ताई, यांच्या फोटोत आभाळ भरलेलं आहे. सूर्यच नाही तर समोरचा प्रकाश कुठून आला?

कराडकर_गीता
हो, हा मुद्दा रास्त आहे. भरल्या आभाळात दिशेचा फरक बराच कमी होतो. मग या फोटोतलं धुरकट म्हणजे बहुधा धूर नाहीच, लांबवर पडणारी सर किंवा उतरलेला ढग असेल. पण तेही कुठल्याही खोऱ्यात होतं, ऊसपट्ट्यात आणि घाटमाथ्यावरही. शिवाय हल्लीचे फोन आपल्या मनानेच आभाळ गडद करतात, गवत जास्त हिरवं करतात आणि धुरकट भाग उजळतात. "काळपट ढग" त्या दिवशी खरंच किती काळे होते हे फोटो काढणाऱ्यालाच माहीत.

टग्या_सांगलीकर
थोडक्यात, एजंट खोटं बोलतोय की फोन, हेच आधी ठरवायचं.

कोडेप्रेमी
पण मग मला खेळात आभाळावरून जागा कशी कळते? हा योगायोग नक्कीच नाही.

कराडकर_गीता
योगायोग नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. त्या खेळातली चित्रं ठरावीक गाड्यांनी ठरावीक आठवड्यांत काढलेली असतात. एखाद्या मुलखात गाडी पावसाळ्यात फिरली तर तिथला सगळा रस्ता कायमचा ढगाळच दिसणार. तुम्ही शंभर वेळा खेळून त्या गाडीची फेरी पाठ केलीत, त्या देशाचं हवामान नाही. आता एजंटने काढलेला फोटो त्या संचातला नाही, म्हणून तिथे ती हुशारी चालत नाही.

कोडेप्रेमी
हं. पटतंय, पण पूर्ण नाही. मोसमी पावसाचं आभाळ ओळखू येतंच. युरोपचं आभाळ असं नसतं.

कराडकर_गीता
युरोप वगळता येईल कदाचित, पण विटेकरांना युरोपात जमीन घ्यायची नाहीये ना. त्यांचा प्रश्न ठोसेघर की दुसरं काही, एवढाच आहे. तेव्हा असं बघू. फोटो ठोसेघरचा, जुलै-ऑगस्टमधला असेल तर असं आभाळ किती वेळा दिसेल? जवळपास रोज. बरं, फोटो आंबोलीचा असेल तर? तरी जवळपास रोज. ताम्हिणी, वरंधा, इगतपुरी, खाली कर्नाटकात आगुंबे, मडिकेरी, सगळीकडे तेच. दोन्ही बाजूंनी उत्तर सारखंच येत असेल तर त्या खुणेने पारडं कुठल्याच बाजूला झुकत नाही. आभाळ खोटं बोलत नाही हो, पण सगळ्यांच्याच बाजूने साक्ष देतं.

इथिओपियाच्या डोंगराळ भागातही जून ते सप्टेंबर असाच पाऊस असतो. पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या डोंगरांत तांबडी जांभ्याची जमीन, हिरवं गवत आणि वर हेच ढग. वर्गात असा एखादा फोटो दाखवला की पोरं बिनदिक्कत "कास!" म्हणून ओरडतात.

निवृत्त_तलाठी
फोटो 27 मे चा आहे म्हणतो ना तो? मग सोपं आहे. कृषी खात्याच्या संकेतस्थळावर तालुकावार, मंडलवार पावसाचे आकडे असतात. त्या तारखेला पाटण आणि सातारा तालुक्यात पाऊस दिसला की फोटो खरा. कशाला एवढी चर्चा?

कराडकर_गीता
काका, आकडे जरूर बघावेत, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल. पर्जन्यमापकाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. 26 ला दुपारी पडलेला पाऊस 27 च्या नावावर चढतो. एजंट म्हणतो "काल काढला", म्हणजे 26 ची दुपार, आणि ती बघायची 27 च्या रकान्यात. चुकून 26 चा रकाना बघितलात तर 25 च्या दुपारचा पाऊस तपासाल.

दुसरा खळगा मोठा आहे. मंडलाचं यंत्र एका गावात, जमीन दुसऱ्या डोंगरावर. आणि आपल्या जिल्ह्यात हे अंतर फार महागात पडतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पाचगणी तिथून वीसेक किलोमीटरवर, तिथे त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. आणि माणदेशी भाऊंच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हे सगळं.

निवृत्त_तलाठी
साडेआठचं बरोबर. आमच्या काळात कोतवाल नऊला जाऊन मापायचा आणि साडेआठ लिहायचा, ते वेगळं. पण मी म्हणतो, तरीही पाऊस पडला असेल तर एजंटची बाजू थोडी तरी बळकट होते की नाही?

कराडकर_गीता
एरवी मे महिना असता तर बऱ्यापैकी झाली असती. सरळ आहे, सहसा मे अखेरीस असं सलग करडं आभाळ नसतं. वळीव येतो तो दुपारनंतर, एका बाजूने, कोबीसारखा फुगलेला उंच ढग, वर सपाट पसरलेला माथा, आणि बाकीचं आभाळ निळं. तासाभरात खेळ खलास.

पण हे 2025 आहे. केरळात मान्सून 24 मे ला आला आणि 26 ला मुंबईत. एरवी मुंबईची तारीख 11 जूनच्या आसपास असते. फलटण-बारामतीकडे, जिथे जूनमध्येही लोक आभाळाकडे बघत बसतात, तिथे मे अखेरीस पूर आला. त्यामुळे त्या आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रात कुठेही उभं राहून फोटो काढला असता तरी तो "मान्सूनचा" दिसला असता. विट्यातसुद्धा!

विटेकर
हे खरं आहे. आमच्याकडेही त्या आठवड्यात रानात पाय ठेवता येत नव्हता.

माणदेशी
म्हणजे गंमत बघा. समजा एजंट शंभर टक्के खरं बोलतोय, फोटो त्याच जागेचा, त्याच दिवसाचा. तरी "मे महिन्यात हिरवंगार असतं" हे खोटंच. यंदा मे महिना झालाच नाही, थेट जून आला. त्या फोटोवर विसंबून पुढच्या वर्षी मे मध्ये तिकडे जाल आणि हापशाला हवा येईल.

टग्या_सांगलीकर
यावरून आमचं उलटं प्रकरण आठवलं. पुराच्या वेळी बाहेरगावचे फोन यायचे, "अरे टीव्हीवर तर ऊन दिसतंय सांगलीत, कसला पूर?" त्यांना कसं सांगणार की पाणी आमच्या आभाळातून येतच नाही. कोयनेच्या आणि वारणेच्या पाणलोटात दोन दिवस धो धो झाला की आयर्विनखाली पाणी चढतं. इथं चकचकीत ऊन असलं तरी चढतं. आभाळ बघून सांगलीचा पूर खोटा ठरवणारे मी कमी बघितलेले नाहीत.

घाटवाटा
टग्या, विषय भरकटतोय, पण मुद्दा बरोबर.

विटेकर, मला आभाळापेक्षा खालचं सांगा. आभाळ एका दिवसात बदलतं, गवत बदलायला आठवडे लागतात. चाळकेवाडीचा सडा मे मध्ये करपलेला असतो, काही ठिकाणी वणव्याने काळा. पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवडाभराने नुसती हिरवी झाक येते. मधेमधे जांभा उघडाच दिसतो. घोट्याच्या वर गवत यायला आणखी कितीतरी दिवस. तुमच्या फोटोतलं गवत केवढं आहे? कुठे माणूस, गुरं, कुंपण असेल तर त्याच्याशी ताडून सांगा. आणि फुलं दिसतात का?

विटेकर
मोठं करून बघितलं. उजव्या कोपऱ्यात तारेचं कुंपण आहे, खालच्या तारेच्या वर गवत गेलंय. फुलं म्हणाल तर उतारावर पिवळा पट्टा आहे. मला वाटलं फोटोचाच रंग उडालाय. जवळून बघितलं तर बारीक पिवळी फुलं दिसतात, झुबक्यात.

घाटवाटा
सोनकी असणार. ती फुलते ऑगस्ट-सप्टेंबरात, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात सोनकी? यंदा पाऊस दहा-पंधरा दिवस लवकर आला म्हणून रोप उगवून, वाढून, आठवड्यात फुलणार नाही. हा फोटो "कालचा" नव्हता. गेल्या वर्षीचा किंवा त्याच्या आधीचा असेल.

वाईची_मावशी
सोनकीच कशावरून? आमच्या बांधाला पिवळी तरवड असते, ती तर कधीही फुललेली दिसते. कुर्डूसारखं काही असेल.

घाटवाटा
मावशी, कुर्डू गुलाबी-पांढरा असतो. तरवडाचं म्हणाल तर शंका रास्त आहे, फोटो न बघता मी शपथेवर सांगणार नाही. पण तरवड झुडूप असतं, माळरानावर सुटंसुटं. अख्खा उतार पिवळ्या पट्ट्याने भरला असेल तर सोनकीच जास्त वाटते. आणि फूल बाजूला ठेवलं तरी कुंपणाच्या तारेवर गेलेलं गवत 26 मे ला जुळत नाही.

प्लॉटपॉइंट
काय चाललंय हे? एजंट लोक मार्केटिंगसाठी चांगल्या सीझनचाच फोटो टाकतात, कांदेपोह्याच्या फोटोला कोण झोपेतून उठून बसतं का? जागा बघा, टायटल बघा, भाव पटला तर घेऊन टाका. त्या पट्ट्यात भाव वाढतच जाणार.

टग्या_सांगलीकर
सापडला एजंट.

प्लॉटपॉइंट
मी त्या भागात काम करत नाही. पण चांगल्या सीझनचा फोटो टाकणं वेगळं आणि "कालचा" म्हणणं वेगळं, एवढं मान्य.

निवृत्त_तलाठी
फाईलच्या नावात तारीख असते की. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोला तारीख आपोआप पडते. विटेकर, नाव काय आहे फाईलचं?

विटेकर
IMG-20250527-WA0014.jpg असं आहे. म्हणजे 27 मेच दिसतोय.

फोटोवाला_मिरज
ती तारीख फोटो काढल्याची नाही, तुमच्या फोनवर व्हॉट्सअॅपने तो उतरवल्याची. तुमच्या आजोबांच्या लग्नाचा फोटो मी आज पाठवला तरी नावात आजचीच तारीख येणार. आणि साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून बारीक करतं आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली वेळ, जागा वगैरे पुसलं जातं. एजंटला सांगा, मूळ फाईल "डॉक्युमेंट" म्हणून पाठव. तशी पाठवली तर आतली माहिती सहसा शिल्लक राहते. अर्थात तीही बदलता येते, पण बहुतेक एजंट एवढे कष्ट घेत नाहीत.

घाटवाटा
आता पवनचक्क्या. पाती आपल्याकडे तोंड करून आहेत की पाठ करून? म्हणजे आधी पाती दिसतात आणि त्यामागे खांब, की उलटं?

विटेकर
पाती पुढे, खांब मागे. दोन्ही चक्क्या सारख्याच. पण याचा काय संबंध?

घाटवाटा
बराच आहे. या चक्क्यांची पाती वाऱ्याकडे तोंड करतात. ऑगस्टमध्ये त्या सड्यावर वारा पश्चिमेकडून येतो, आणि तो असा येतो की दुचाकी उभी राहत नाही. पाती पश्चिमेला तोंड करून असतील आणि तुम्हाला समोरून दिसत असतील, तर फोटो काढणारा चक्क्यांच्या पश्चिमेला उभा राहून पूर्वेकडे बघतोय. कोयनेचा शिवसागर त्या पठाराच्या पश्चिमेला आहे. मग लांबवर दिसणारं पाणी शिवसागर कसं असेल? पूर्वेला तारळीचं, उरमोडीचं पाणी आहे.

कोडेप्रेमी
वा! म्हणजे हवामानावरून जागा कळलीच की शेवटी. मी हेच म्हणत होतो.

कराडकर_गीता
घाटवाटा, युक्तिवाद आवडला, पण त्यात पाय थोडा निसरड्यावर आहे. "वारा पश्चिमेचा" हे तुम्ही महिना ऑगस्ट धरून म्हणताय, आणि महिना सोनकीवरून आलाय. सोनकी चुकली तर साखळी तुटली. मे मधल्या वळवात वारा पूर्वेकडूनही येतो. पावसाळ्यातसुद्धा कधी चार दिवस वारा पडतो किंवा फिरतो. शिवाय चक्की बंद असेल तर ती जिथे थांबली तिकडेच तोंड करून राहते. एका दिवसाचा एक वारा आहे हा.

पण आभाळाच्या रंगापेक्षा ही खूण नक्कीच वजनदार आहे, कारण ती दोन्ही शक्यतांना सारखीच लागू पडत नाही. पश्चिमेकडे बघणारा फोटो असता तर भर पावसाळ्यात पाती अशी दिसायची शक्यता फार कमी होती.

आणखी एक. चक्क्या आहेत म्हणून चाळकेवाडी-वनकुसवडेच असं धरू नका. सांगली जिल्ह्यात ढालगावकडेही आहेत.

माणदेशी
ढालगावला गुडघाभर गवत आणि लांबवर पाणी? ताई, तिकडं पाणी बघायला टेंभूच्या कालव्यावर जावं लागतं.

कराडकर_गीता
:) बरं, ढालगाव मागे टाकू. पण ते गवतामुळे आणि पाण्यामुळे मागे पडलं, ढगांमुळे नाही.

निवृत्त_तलाठी
उपग्रहाचं तुम्ही काही बोललात मघाशी. त्यावरून नाही का कळणार त्या दिवशी तिथे ढग होते का?

कराडकर_गीता
कळतं, पण उपयोग एकाच बाजूने होतो. नासाचं वर्ल्डव्ह्यू कुणालाही फुकट बघता येतं, 2000 सालापासूनची रोजची चित्रं आहेत. आपले इन्सॅटचे उपग्रह तर दर अर्ध्या तासाला चित्र घेतात. समजा एखाद्याने फोटो दाखवला, लख्ख निळं आभाळ, कडक सावल्या, आणि म्हणाला अमुक दिवशी दुपारी ठोसेघर. चित्रात त्या वेळी सगळा सह्याद्री जाड ढगाखाली असेल तर तो दावा मोडतो. एवढं काम उपग्रह छान करतो.

उलट्या बाजूने मात्र नाही. फोटोत ढग आणि चित्रातही ढग, हे जुळलं म्हणून आनंद मानू नका. मान्सून जोरात असतो तेव्हा गुजरातपासून केरळपर्यंतची सगळी गावं त्याच पांढऱ्या पट्ट्याखाली असतात. त्यातून उपग्रह वरून बघतो, आपण खालून. वरच्या ढगाच्या पापुद्र्याखाली काय चाललंय ते त्या चित्रात दिसत नाही. डोंगरमाथ्यावर टेकलेला छोटा ढग तर कित्येकदा वेगळा ओळखूच येत नाही.

आणि विटेकरांच्या फोटोची मुळात तारीखच खरी नाही असं दिसतंय. मग कुठल्या दिवसाचं चित्र उघडायचं?

फोटोवाला_मिरज
ढगाळ फोटोत आणखी एक वांधा असतो. सावल्याच नसतात. ऊन असतं तर कुंपणाच्या खांबाची सावली बघून वेळ आणि दिशा काढता आली असती. आणि ज्या डोंगराची कड नकाशाशी जुळवायची, तिचाच माथा ढगात. फसवायचं असेल तर ढगाळ फोटोच बरा.

घाटवाटा
म्हणूनच दुसरा फोटो मागायचा, उघडीप असतानाचा. डोंगराची कड मोकळी दिसली तर गुगल अर्थमध्ये तिथे उभं राहून कड जुळवता येते. खिंड, सुळका, सपाट माथा, हे ऋतूबरोबर बदलत नाही.

विटेकर
मंडळी, काल एजंटला फोन केला. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हटलं. म्हणाला, "फोन बदलला काका, जुन्यात राहिला." कालचा फोटो जुन्या फोनमध्ये कसा, विचारलं. मग म्हणाला फोटो त्याच्या भागीदाराने काढलाय.

दुसरा फोटो मात्र पाठवलाय. त्यात ऊन आहे, डोंगराची कड स्पष्ट आहे, पण चक्क्या नाहीत आणि पाणीही नाही. दोन्ही फोटो एकाच जागेचे कशावरून, हा आता नवीन प्रश्न.

टग्या_सांगलीकर
तिसरा फोटो मागा, त्यात एजंट स्वतः उभा पाहिजे.

घाटवाटा
कुंपण आहे का दुसऱ्या फोटोत? खांब दगडी की सिमेंटचे? पहिल्यातल्याशी ताडून बघा. आणि जांभ्याचा एखादा मोठा धोंडा दोन्हीत सापडला तर सोन्याहून पिवळं.

विटेकर
पहिल्यात सिमेंटचे खांब. दुसऱ्यात कुंपणच दिसत नाही. धोंडे दोन्हीकडे आहेत, पण मला सगळे सारखेच दिसतात.

बायको अजूनही म्हणते की जागा तिकडचीच आहे, फोटो जुना आहे इतकंच. तसंही असू शकतं म्हणा.

कराडकर_गीता
वहिनींचं खोडून काढता येत नाही, हे खरंच आहे. आतापर्यंत जे निघालं त्यात "फोटो मे चा नाही" हे बऱ्यापैकी पक्कं आणि "समोर शिवसागर नाही" हे निम्मं-शिम्मं. जागा त्या पठारावरची नाही असं काहीच सिद्ध झालेलं नाही.

निवृत्त_तलाठी
विटेकर, आता माझं ऐका. गट नंबर मागा. सातबारा आणि गटाचा नकाशा ऑनलाइन निघतो. नकाशावर गट कुठल्या उताराला आहे ते बघा. पश्चिम उताराला असेल तर पाणी दिसायची शक्यता तरी आहे, पूर्वेला असेल तर शिवसागर विसरा. आणि तिकडे व्याघ्र प्रकल्पाची हद्द जवळ आहे, वन खात्याचं आणि बफरचं काही अडतंय का ते आधी विचारा. त्यासाठी ढग बघावे लागत नाहीत.

माणदेशी
आणि बघायला जायचं तर पावसाळ्यात जाऊ नगा. तेव्हा सगळीच जमीन गुणाची दिसते. एप्रिलमध्ये जा, आणि रानात न थांबता आधी गावात जाऊन विचारा की टँकर येतो का. विहीर असेल तर दोर सोडून बघा.

विटेकर
एप्रिलपर्यंत थांबायला तो तयार नाही, "दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणतो. गट नंबर दिलाय पण, आत्ताच आला. तलाठी काका, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो, उतार तेवढा बघून सांगाल का?

निवृत्त_तलाठी
पाठवा. आज संध्याकाळी बघतो. गावाचं नाव नीट लिहा, त्या भागात एका नावाच्या दोन-दोन वाड्या आहेत.